अमेरिकेतल्या मराठी पालकांना खुलं पत्र: ‘दोन्ही बाजू शिकवा’ या मागणीबद्दल

सप्रेम नमस्कार,

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवते. गणेशोत्सवात, दिवाळीच्या फराळाला तुमच्यापैकी अनेकांशी शाळेबद्दल बोलणं होतं. गणिताचे ऑनर्स वर्ग, एपीचे विषय, कॉलेजचे प्रवेश यांबद्दल तुम्ही बारकाईने विचारता. उत्क्रांतीचा विषय निघाला की मात्र बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर ऐकू येतं. एक म्हणजे, “दोन्ही बाजू शिकवल्या तर बिघडलं काय? मुलं हुशार आहेत, ठरवतील.” आणि दुसरं, “हा त्यांच्या धर्माचा आपसातला वाद आहे, आपण कशाला मध्ये पडा?”

दोन्ही उत्तरं मनात काही वाईट न ठेवता दिलेली असतात, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त काळजी वाटते. उत्क्रांती आणि तिला आव्हान देणारा ‘इंटेलिजंट डिझाइन’चा विचार, या दोन बाजू एकदा खरोखरच समोरासमोर बसल्या होत्या. शपथेवर, उलटतपासणीसह, सहा आठवडे. ते आमच्याच राज्यात घडलं. तिथे कोण काय म्हणालं हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. ते आधी सांगते आणि मग तुमच्याकडे एक मागणं मागते.

हॅरिसबर्गच्या दक्षिणेला यॉर्क काउंटीत डोव्हर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शाळा नऊ जणांचं निवडून आलेलं स्कूल बोर्ड चालवतं. २००४ च्या उन्हाळ्यात नववीसाठी जीवशास्त्राचं नवं पाठ्यपुस्तक घ्यायचं होतं. शिक्षकांनी पुस्तक निवडलं होतं. बोर्डाच्या अभ्यासक्रम समितीच्या अध्यक्षांनी त्यात डार्विन ठासून भरलाय म्हणून हरकत घेतली आणि खरेदी अडून बसली. पुढे १८ ऑक्टोबरला बोर्डाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला: डार्विनच्या सिद्धांतातल्या उणिवांची आणि ‘इंटेलिजंट डिझाइनसह, पण तेवढ्यापुरत्याच मर्यादित नसलेल्या’ इतर सिद्धांतांची विद्यार्थ्यांना जाणीव करून दिली जाईल. विरोधात मत देणाऱ्यांपैकी दोघांनी त्याच बैठकीत राजीनामे दिले.

इंटेलिजंट डिझाइन म्हणजे काय, ते त्यांच्याच बाजूने सांगायचं तर असं: सजीवांमधल्या काही रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या नैसर्गिक निवडीने टप्प्याटप्प्याने घडणं शक्य नाही, त्यामागे कोणीतरी बुद्धिमान रचनाकार असला पाहिजे. तो रचनाकार देव आहे असं त्यात म्हटलेलं नसतं. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असंही म्हटलेलं नसतं. बायबलमधल्या सहा दिवसांच्या निर्मितीचा आग्रह धरणाऱ्या जुन्या निर्मितीवादापेक्षा हे वेगळं दिसतं, आणि ते वेगळं दिसावं हाच त्याचा हेतू होता का, हा खटल्यातला मोठा प्रश्न ठरला.

ठरावाची अंमलबजावणी म्हणून चार परिच्छेदांचं एक निवेदन तयार झालं. उत्क्रांतीचा धडा सुरू करण्याआधी ते शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवायचं होतं. डार्विनचा सिद्धांत हा सिद्धांत असल्यामुळे नवे पुरावे येतील तसा तो तपासला जात आहे, तो वस्तुस्थिती नाही, त्यात उणिवा आहेत, इंटेलिजंट डिझाइन हे वेगळं स्पष्टीकरण आहे आणि त्यावरचं ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक ज्यांना वाचायचं असेल त्यांच्यासाठी शाळेत ठेवलं आहे, असा त्याचा आशय. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. हे विज्ञान नाही हे माहीत असताना ते विज्ञान म्हणून मुलांपुढे ठेवणं आमच्या व्यावसायिक आचारसंहितेचा भंग ठरेल, असं त्यांनी लेखी कळवलं. जानेवारी २००५ मध्ये शेवटी शाळेच्या प्रशासकांनी वर्गांत जाऊन ते वाचलं.

त्याआधीच, डिसेंबरमध्ये, अकरा पालकांनी फेडरल न्यायालयात दावा लावला होता. टॅमी किट्झमिलर या पहिल्या वादी, म्हणून खटला त्यांच्या नावाने ओळखला जातो. सुनावणी २६ सप्टेंबर २००५ ला हॅरिसबर्गमध्ये सुरू झाली. न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेले. ज्युरी नव्हती.

आता बोर्डाच्या बाजूचे युक्तिवाद. यातले काही युक्तिवाद वरवर पाहता खूप सयुक्तिक वाटतात आणि तुमच्यापैकी अनेकांना ते पटतात हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यांना नीट जागा देते.

पहिला निष्पक्षतेचा. एका मिनिटाचं निवेदन आहे, कुणाला परीक्षेत इंटेलिजंट डिझाइन विचारलं जाणार नाही, ज्याला ऐकायचं नाही त्याने वर्गाबाहेर जावं, पुस्तक वाचण्याची सक्ती नाही. मुलांना मन मोकळं ठेवायला सांगितलं, यात गैर काय? मला विचाराल तर याचं उत्तर निवेदन वाचण्याच्या पद्धतीतच आहे. प्रशासक वर्गात आले, त्यांनी मजकूर वाचला, आणि या विषयावर वर्गात चर्चा होणार नाही, शिक्षक प्रश्नांची उत्तरं देणार नाहीत, असं सांगितलं गेलं. विज्ञानाच्या वर्गात एखादा दावा मांडायचा आणि त्यावर प्रश्न विचारायला बंदी करायची, याला मन मोकळं ठेवणं म्हणता येत नाही. शिवाय वर्षभराच्या विज्ञानात अणुसिद्धांत येतो, पेशीसिद्धांत येतो, भूखंडांच्या सरकण्याचा सिद्धांत येतो. इशारा फक्त एकाच सिद्धांताआधी वाचला गेला. चौदा वर्षांच्या मुलाला त्यातून काय कळतं? बाकीचं सगळं खरं, हे एवढं संशयास्पद.

दुसरा युक्तिवाद ‘हा नुसता सिद्धांत आहे’ असा. बोलताना आपण अंदाजालाही थिअरी म्हणतो, त्यामुळे हे वाक्य सहज गळी उतरतं. पण डोव्हरच्या निवेदनात पुढच्याच ओळीत सिद्धांताची व्याख्या दिली होती: अनेक निरीक्षणांना एकत्र बांधणारं, नीट तपासून पाहिलेलं स्पष्टीकरण. व्याख्या बरोबर होती. म्हणजे एका दमात उत्क्रांतीला नुसता सिद्धांत म्हणून खाली ओढायचं आणि दुसऱ्या दमात सिद्धांत म्हणजे तपासून सिद्ध झालेलं स्पष्टीकरण असं सांगायचं. ही विसंगती शिक्षकांच्या लगेच लक्षात आली होती. त्यांना विचारून ते निवेदन लिहिलं असतं तर ती राहिलीच नसती.

तिसरा युक्तिवाद खऱ्या अर्थाने वैज्ञानिक स्वरूपाचा होता, आणि तो मांडायला लीहाय विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही स्वतः साक्षीला आले. त्यांचं म्हणणं असं की काही जैविक यंत्रणांमधला एक भाग काढला तरी सगळी यंत्रणा बंद पडते. उंदराच्या सापळ्यातली स्प्रिंग काढली तर सापळा अर्धवट चालत नाही, अजिबात चालत नाही. मग अशी यंत्रणा टप्प्याटप्प्याने कशी घडेल? अर्धवट असताना तिचा काही उपयोगच नसेल तर नैसर्गिक निवड तिला टिकवेल कशी? बीही यांचं आवडतं उदाहरण होतं जिवाणूची कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठी गरगर फिरणारं शेपूट आणि त्याच्या मुळाशी असलेली प्रथिनांची मोटर.

प्रश्न चांगला आहे. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने तो विचारला तर मला आनंदच होईल. त्याला उत्तर दिलं ब्राउन विद्यापीठाचे केनेथ मिलर यांनी. कशाभिकेतल्या तीसेक प्रथिनांचे भाग बाजूला केले तर उरलेल्या दहाएक प्रथिनांशी मिळतीजुळती रचना काही जिवाणूंमध्ये स्वतंत्रपणे सापडते आणि ती उत्तम काम करते. प्लेगचा जंतू तिच्यातून आपलं विष यजमानाच्या पेशीत टोचतो. म्हणजे भाग काढले की यंत्रणा निकामी होते हे खरं नाही. ती पोहण्याच्या कामाची राहत नाही, पण दुसरं काम करू शकते. आणि उत्क्रांतीत नेमकं हेच वारंवार दिसतं, एका कामासाठी असलेले भाग दुसऱ्या कामाला जुंपले जातात. इथे एक मर्यादा मान्य करायला हवी. ही टोचणी कशाभिकेची पूर्वज आहे असं यातून सिद्ध होत नाही. कदाचित टोचणीच कशाभिकेपासून निघाली असेल, असं बचाव पक्षाचे तज्ज्ञ स्कॉट मिनिक म्हणत होते. पण बीही यांचा दावा ‘असं होऊच शकत नाही’ असा होता, आणि तो मोडायला एवढं उदाहरण पुरेसं आहे.

रोगप्रतिकार यंत्रणेबद्दल बीही यांनी लिहिलं होतं की तिच्या उगमाबद्दल विज्ञानाकडे काही उत्तर नाही. उलटतपासणीत वकिलांनी त्यांच्यासमोर त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध, नऊ पुस्तकं आणि पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं यांचा ढीग ठेवला. एवढा पुरावा पुरेसा नाही, असं बीही म्हणाले. याच उलटतपासणीत आणखी दोन गोष्टी बाहेर आल्या. वैज्ञानिक सिद्धांताची तुमची सैल व्याख्या लावली तर ज्योतिषही त्यात बसेल का, या प्रश्नावर त्यांनी होकार दिला. आणि सजीवांचे पूर्वज समान आहेत, पृथ्वी अब्जावधी वर्षांची आहे, हे बीही स्वतः मान्य करतात हेही स्पष्ट झालं. माणूस आणि वानर यांचं नातं नाकारावं म्हणून जे मतदार या बोर्डाच्या मागे उभे होते, त्यांचा मुख्य तज्ज्ञच ते नातं नाकारत नव्हता.

आता दुसरी बाजू. उत्क्रांतीच्या बाजूने बोलताना आपण पुष्कळदा ‘सगळे शास्त्रज्ञ मानतात’ एवढ्यावर थांबतो. हा कमकुवत युक्तिवाद आहे, कारण ऐकणाऱ्याला तो अधिकाराचा दबाव वाटतो. मिलर यांनी न्यायालयात त्याऐवजी एक उदाहरण उलगडून दाखवलं आणि तेव्हापासून मी ते वर्गात तसंच वापरते.

माणसाला गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना २४. आपले पूर्वज समान असतील तर एक जोडी गेली कुठे? ती नुसती नाहीशी होऊ शकत नाही. त्या गुणसूत्रावर शेकडो जनुकं असतात, ती सगळी गेली तर गर्भ जगणारच नाही. मग एकच शक्यता उरते, की पूर्वजांमधली दोन वेगवेगळी गुणसूत्रं माणसाच्या वंशात टोकाला टोक लागून जोडली गेली. हे खरं असेल तर खूण सापडलीच पाहिजे. गुणसूत्राच्या टोकांना टेलोमिअर नावाचा ठरावीक अक्षरांची पुनरावृत्ती असलेला डीएनए असतो. तो फक्त टोकांना असायला हवा. जोडलेल्या गुणसूत्रात तो मध्येही सापडायला हवा. आणि प्रत्येक गुणसूत्राला एक गुणसूत्रबिंदू असतो, तर इथे दोन असायला हवेत, त्यांतला एक निकामी झालेला. शोधल्यावर हे सगळं माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर सापडलं. मध्यभागी एकमेकांकडे तोंड केलेले टेलोमिअरचे तुकडे, आणि दुसऱ्या गुणसूत्रबिंदूचे अवशेष. त्यावरची जनुकंही चिंपांझीच्या दोन गुणसूत्रांवरच्या जनुकांशी क्रमाने जुळतात. या गुणसूत्राचा सविस्तर आराखडा खटल्याच्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता.

यातलं महत्त्वाचं काय आहे ते बघा. समान पूर्वजांच्या सिद्धांताने स्वतःला अडचणीत टाकलं होतं. खूण सापडली नसती तर शास्त्रज्ञांना मोठा प्रश्न पडला असता. इंटेलिजंट डिझाइनला अशी अडचण कधीच येत नाही. रचनाकाराने २३ जोड्या केल्या असत्या, २४ केल्या असत्या, मध्ये टेलोमिअर ठेवले असते किंवा नसते, प्रत्येक गोष्टीचं उत्तर ‘त्याची इच्छा’ हेच राहिलं असतं.

इथेच विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या युक्तिवादातली एक फट दाखवायला हवी, कारण बोर्डाच्या बैठकीत समोरचा माणूस बरोबर तिथे बोट ठेवतो. आपण एकीकडे म्हणतो की इंटेलिजंट डिझाइन तपासताच येत नाही, म्हणून ते विज्ञान नाही. दुसरीकडे म्हणतो की ते तपासून चुकीचं ठरलंय. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? १९८२ मध्ये आर्कान्सासच्या निर्मितीवाद खटल्याचा निकाल लागला तेव्हा तत्त्वज्ञ लॅरी लॉडन यांनी हाच आक्षेप घेतला होता. ते निर्मितीवादी नव्हते. निर्मितीवादाचे दावे तपासता येतात आणि ते चुकीचे ठरलेत, असंच सरळ सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं. मला स्वतःला वाटतं की दोन दावे वेगळे केले की गोंधळ सुटतो. ‘कशाभिका टप्प्याटप्प्याने घडू शकत नाही’ हा उत्क्रांतीविरुद्धचा दावा आहे, तो तपासता येतो आणि टिकला नाही. ‘म्हणून ती कुणीतरी बनवली’ हा पुढचा दावा कशानेच तपासता येत नाही. आणि पहिला दावा टिकला असता तरी दुसरा आपोआप सिद्ध झाला नसता. उत्क्रांतीच्या एखाद्या तपशिलात अडचण निघाली तर तो त्या तपशिलाचा प्रश्न आहे, दुसऱ्या स्पष्टीकरणाला त्यातून गुण मिळत नाहीत. त्याने आपला पुरावा स्वतः आणायचा असतो.

खटल्यात शेवटी ज्या पुराव्याचं वजन सगळ्यात जास्त पडलं तो मात्र जीवशास्त्राचा नव्हता. ‘ऑफ पांडाज अँड पीपल’चे जुने मसुदे वादींच्या वकिलांनी न्यायालयामार्फत मागवून घेतले होते. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी ते एकापुढे एक ठेवले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाच्या खटल्यात सरकारी शाळांत निर्मितीवाद शिकवण्याचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी घटनाबाह्य ठरवला. त्या निकालाआधीच्या मसुद्यांत ‘निर्मिती’ आणि ‘निर्मितीवादी’ हे शब्द होते. निकालानंतरच्या मसुद्यांत त्याच वाक्यांत, त्याच जागी ‘इंटेलिजंट डिझाइन’ आणि ‘डिझाइनचे पुरस्कर्ते’ असे शब्द आले. मासे पर आणि खवल्यांसह आणि पक्षी पंख-चोचींसह एकदम अवतरले, ही व्याख्या जशीच्या तशी राहिली, फक्त तिचं नाव बदललं. एका ठिकाणी तर बदल घाईत झाला आणि जुन्या शब्दाच्या पोटात नवा शब्द अडकून एक अर्थहीन शब्द मसुद्यात राहून गेला. इंटेलिजंट डिझाइन हा जुन्या निर्मितीवादाचाच पुढचा अवतार आहे का, या प्रश्नाचं उत्तर त्या कागदांवरच मिळालं.

पालकांच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत जॉर्जटाउन विद्यापीठाचे कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ जॉन हॉट होते. मिलर हेही श्रद्धाळू कॅथलिक, आणि ज्या पाठ्यपुस्तकावरून वाद पेटला त्याचे सहलेखक. उत्क्रांती शिकली की मूल नास्तिक होतं, हा समज धर्मप्रेमी लोक पसरवतात तसेच काही नास्तिकही मोठ्या हौसेने पसरवतात, आणि वर्गात त्याचं नुकसान आम्हाला सोसावं लागतं. घरी देवपूजा होते म्हणून धडा ऐकताना अंग चोरून बसणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यात आपलीही असतात.

२० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, ते आपल्या निर्मितीवादी मुळांपासून वेगळं करता येत नाही, आणि बोर्डाचं धोरण धर्माच्या प्रसारासाठी होतं म्हणून राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा भंग आहे, असं त्यांनी लिहिलं. बोर्डाच्या काही सदस्यांनी शपथेवर खोटं सांगितल्याचीही नोंद केली. पुस्तकाच्या साठेक प्रती शाळेला कुठून मिळाल्या, यावरच्या उत्तरांशी त्याचा संबंध होता. एका सदस्याने त्यासाठी आपल्या चर्चमध्ये पैसे गोळा केले होते. बोर्डाला वादींच्या वकिलांचे दहा लाख डॉलर भरावे लागले. रक्कम त्याहून कितीतरी जास्त होती, ती तडजोडीने कमी झाली. एका छोट्या गावाच्या शाळांच्या तिजोरीतून ती गेली.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, झालं, विषय मिटला. तसं नाही, आणि या पत्राचं खरं कारण तेच आहे. निकाल लागण्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, डोव्हरच्या मतदारांनी धोरणाला पाठिंबा देणारे निवडणुकीला उभे राहिलेले आठही सदस्य पाडले. नव्या बोर्डाने अपील केलं नाही. त्यामुळे हा निकाल वरच्या न्यायालयात गेलाच नाही, आणि एका जिल्हा न्यायाधीशाचा निकाल देशातल्या इतर न्यायालयांवर बंधनकारक नसतो. शिवाय जोन्स यांनी ज्या कसोट्या वापरल्या त्यांतली मुख्य, सरकारी कृतीचा हेतू आणि परिणाम धार्मिक आहे का हे पाहणारी १९७१ ची कसोटी, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ब्रेमर्टनच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या खटल्यात बाजूला ठेवली. उद्या असाच खटला उभा राहिला तर तो कोणत्या मापाने मोजला जाईल हे आज कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.

दरम्यान मसुदे लिहिणारेही शिकले आहेत. २००८ मध्ये लुइझियानाने आणि २०१२ मध्ये टेनेसीने केलेल्या कायद्यांत निर्मितीवादाचा किंवा डिझाइनचा उल्लेख नाही. उत्क्रांतीसारख्या विषयांचं ‘चिकित्सक विश्लेषण’ करणाऱ्या शिक्षकांना संरक्षण, अशी त्यांची भाषा आहे. वेस्ट व्हर्जिनियात २०२४ मध्ये आलेल्या विधेयकाच्या मूळ मसुद्यात इंटेलिजंट डिझाइनचं नाव होतं. मंजूर झालेल्या कायद्यात ते नाही. विश्व आणि जीवसृष्टी कशी अस्तित्वात आली याच्या वैज्ञानिक सिद्धांतांबद्दल विद्यार्थ्याने विचारलं तर शिक्षकाला उत्तर देण्यापासून अडवता येणार नाही, एवढंच आहे. वाचायला निरुपद्रवी. ‘वैज्ञानिक सिद्धांत’ म्हणजे काय हे मात्र प्रत्येक वर्गावर सोडलेलं.

हा वाद आपला नाही असं म्हणणाऱ्यांना मला घरच्या दोन गोष्टींची आठवण करून द्यायची आहे. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमध्ये केंद्रीय शिक्षण राज्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं की डार्विन चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुणी सांगितलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी मिळून त्याचा निषेध केला. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातून उत्क्रांती गेली आणि नुसती ‘आनुवंशिकता’ उरली. कारण दिलं अभ्यासाचा भार. २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. बारावीत उत्क्रांती आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांच्या ती वाट्याला येत नाही. तिथे बायबल नव्हतं, खटला नव्हता, दोन बाजूही नव्हत्या. धडा गेला एवढंच. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात तो पहिला धडा आहे, याचा मला अभिमान वाटतो.

एक गोष्ट जरा कठोरपणे लिहिते. आपल्यातले काही जण बोर्डाच्या बैठकीत उठून सांगतात की हिंदू धर्माला उत्क्रांती आधीच ठाऊक होती, दशावतारात मासा, कासव, वराह असा क्रमच आहे. हेतू उत्क्रांतीला पाठिंबा देण्याचा असतो. पण मत्स्यापासून कूर्म जन्माला येत नाही, त्या कथांमध्ये वंश नाही, निवड नाही, आणि पुढे काय सापडेल याचं भाकीतही नाही. त्या कथांचं मोल वेगळं आहे आणि ते मला प्रिय आहे. धर्मग्रंथात असल्यामुळे धडा खरा, असं म्हटलं की धर्मग्रंथात नसल्यामुळे तो खोटा, हे म्हणणाऱ्याला उत्तर देण्याची सोय उरत नाही. त्याहून जास्त धोका त्या पालकांचा आहे जे म्हणतात, “सगळ्यांचेच विचार शिकवा, आमचेही.” अशा प्रस्तावांना हिंदू पालकाचा पाठिंबा फार मोलाचा असतो, कारण त्यामुळे प्रस्ताव एका धर्माचा वाटत नाही. डोव्हरच्या ठरावातही ‘तेवढ्यापुरत्याच मर्यादित नसलेल्या’ असे शब्द होतेच. प्रत्यक्षात इंटेलिजंट डिझाइन सोडून दुसरा एकही विचार तिथे नावाने आला नाही.

आता मागणं. तुमच्या स्कूल बोर्डाच्या बैठकांची विषयपत्रिका आधी वेबसाइटवर लागते. विज्ञानाचा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकांची निवड किंवा पूरक साहित्याची देणगी असा विषय असेल त्या दिवशी जा. नागरिकत्व नसेल तर मत देता येत नाही, पण त्या भागात राहणाऱ्याला बहुतेक ठिकाणी लोकांसाठी राखलेल्या वेळेत बोलता येतं. ‘उणिवा’, ‘बलस्थानं आणि कमकुवत बाजू’, ‘चिकित्सक विश्लेषण’, ‘शैक्षणिक स्वातंत्र्य’ हे शब्द एकट्या उत्क्रांतीच्या संदर्भात दिसले तर तीन गोष्टी विचारा. हा नियम सगळ्या वैज्ञानिक सिद्धांतांना लागू आहे की याच एका? आपल्याच शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी यावर काय लेखी मत दिलंय? आणि वर्गात यावर विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले तर शिक्षक उत्तर देऊ शकतील का?

डोव्हरच्या शिक्षकांनी नकार दिला तेव्हा सुरुवातीला त्यांच्या बाजूने बोलायला फार थोडे लोक होते. त्या गावातले अकरा पालक पुढे आले म्हणून खटला उभा राहिला, आणि त्यांचे काही शेजारी बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहिले म्हणून धोरण परत आलं नाही. बऱ्याच भागांत बोर्डाच्या निवडणुका आता विषम वर्षांच्या नोव्हेंबरमध्ये होतात, मतदान कमी असतं, आणि थोड्या मतांनी जागा जातात. तुमच्यापैकी ज्यांना मताचा अधिकार आहे त्यांनी उमेदवारांना विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाबद्दल काय वाटतं ते आधी विचारावं. ज्यांना जमेल त्यांनी स्वतः उभं राहण्याचा विचार करावा. पुस्तकं, निवेदनं आणि शिक्षकांची पत्रं वाचून काढायला मदत लागली तर मी आणि माझ्यासारखे इतर शिक्षक शनिवारी यायला तयार आहोत.

आपली,
एक जीवशास्त्र शिक्षिका
पेनसिल्व्हेनिया